ओव्हरहँग बीमवरचं कपल: शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या कशा काढायच्या

"सर, रिअ‍ॅक्शन बरोबर आल्या, शिअरची आकृतीबी बंद झाली, पण मोमेंटमध्ये शेवटच्या टोकाला तीस उरतंय. ते कुठनं आलं तेच कळंना."

लातूरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकवतो, आणि औशाकडच्या एका मुलीनं विचारलेला हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तिचं गणित जवळजवळ सगळं बरोबर होतं. बीमवर ३० किलोन्यूटन-मीटरचं कपल होतं आणि शेवटी उरलेला आकडाही ३० च होता. हे ३० कुठून आले हे एकदा नीट समजलं की या प्रकारच्या गणितातली निम्मी भीती जाते. म्हणून इथं तेच गणित सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवतो, आणि त्या तीसाचा माग काढतो.

गणित

एक बीम ८ मीटर लांब आहे. डावीकडच्या टोकाला A वर हिंज, तिथून ६ मीटरवर B ला रोलर, आणि B च्या पुढं २ मीटर मोकळं टोक C पर्यंत. म्हणजे BC हा ओव्हरहँग. आपल्याकडं जुन्या माळवदाच्या घरात तुळईचं टोक भिंतीच्या बाहेर आलेलं दिसतं, तसाच हा भाग.

A पासून B पर्यंत संपूर्ण ६ मीटरवर १० किलोन्यूटन प्रतिमीटर असा सारखा पसरलेला लोड, म्हणजे यूडीएल आहे. C वर १५ किलोन्यूटनचा पॉइंट लोड आहे. आणि A पासून ३ मीटरवर, D या बिंदूवर, ३० किलोन्यूटन-मीटरचं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवणारं कपल आहे. बीमचं स्वतःचं वजन यूडीएलमध्येच धरलंय. ओव्हरहँगवरचं वजन मात्र सोडून दिलंय, आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून.

हे कपल येतं कुठून? पुस्तकात नुसता वाकडा बाण काढलेला असतो, त्यामुळं ती कागदावरची गोष्ट वाटते. समजा हा बीम एका दुकानाच्या गच्चीवरचा आहे आणि D वर एक लोखंडी खांब घट्ट बसवलाय. खांबावर मोठा बोर्ड लावलाय आणि बोर्डाचा मध्य बीमपासून ३ मीटर उंच आहे. मे महिन्यात वळवाच्या पावसाआधी वादळ सुटतं, वारा बीमच्याच दिशेत डावीकडून उजवीकडं वाहतो आणि बोर्डाला १० किलोन्यूटननं ढकलतो. खांबाच्या बुडाशी या ढकलण्याचे दोन परिणाम होतात. एक, बीमला उजवीकडं सरकवणारं १० किलोन्यूटनचं आडवं बल. ते A चा हिंज धरून ठेवतो, कारण B चा रोलर आडवं बल घेत नाही. त्यामुळं ते A ते D मध्ये ओढ म्हणून राहतं आणि आपल्या दोन्ही आकृत्यांत येत नाही. दुसरा परिणाम म्हणजे १० गुणिले ३, ३० किलोन्यूटन-मीटरचं फिरवणं. वरच्या टोकाला उजवीकडं ढकललं की बूड काट्याच्या दिशेनं फिरतं. हेच आपलं कपल. खांब आणि बोर्ड यांचं वजनही खरं तर D वर उभा लोड म्हणून येतं, पण इथं फक्त कपलवर लक्ष ठेवायचंय म्हणून ते वगळलंय.

रिअ‍ॅक्शन काढताना कपलला अंतरानं गुणायचं नाही

पहिली चूक इथं होते. मुलं A भोवती मोमेंट घेताना १५ ला ८ नं गुणतात, यूडीएलच्या ६० ला ३ नं गुणतात आणि त्याच ओघात कपलच्या ३० ला सुद्धा ३ नं गुणून ९० लिहितात.

कपल म्हणजे सारखी, समांतर आणि विरुद्ध दिशेची दोन बलं. त्यांची बेरीज शून्य, त्यामुळं ती बीमला वरही उचलत नाहीत आणि खालीही दाबत नाहीत, फक्त फिरवतात. आणि हे फिरवणं कुठल्याही बिंदूभोवती मोजा, तेवढंच येतं. एका बलाचा हात वाढला की दुसऱ्याचाही तेवढाच वाढतो आणि फरक तोच राहतो. एकक बघितलं तरी कळतं. ३० हे किलोन्यूटन-मीटरमध्येच आहेत, त्यात अंतर आधीच आलेलं आहे. पुन्हा मीटरनं गुणलं तर उत्तराला अर्थच उरत नाही.

म्हणून A भोवती, काट्याच्या दिशेची मोमेंट धन धरून:

```
६०×३ + ३० + १५×८ − R_B×६ = ०
१८० + ३० + १२० = ३३०
R_B = ५५ kN
R_A = ६० + १५ − ५५ = २० kN
```

उभ्या बलांच्या बेरजेत, म्हणजे शेवटच्या ओळीत, कपल कुठंच नाही. ते तिथं नसतंच.

आता एक सवय लावून घ्या. R_A आपण वजाबाकीनं काढला, म्हणजे R_B चुकला असेल तर R_A ही चुकलेला असणार, आणि दोघांची बेरीज तरीही ७५ च येणार. त्या बेरजेवरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून पुढं जाण्याआधी B भोवती स्वतंत्र मोमेंट घेऊन बघा:

```
२०×६ − ६०×३ + ३० + १५×२ = १२० − १८० + ३० + ३० = ०
```

शून्य आलं. या एका ओळीला अर्धं मिनिट लागतं, आणि ती किती कामाची आहे ते शेवटी चुकांबद्दल बोलताना दिसेल.

शिअर फोर्सची आकृती

चिन्हांचा नियम आधी ठरवून घ्यायचा आणि मग मधे बदलायचा नाही. आपण डावीकडून उजवीकडं जातो. छेदाच्या डाव्या भागावर वरच्या दिशेचं बल धन शिअर देतं. बेंडिंगमध्ये बीम खाली लोंबला, म्हणजे सॅगिंग, तर धन. वर फुगला, म्हणजे हॉगिंग, तर ऋण.

A वर रिअ‍ॅक्शन वर ढकलते, म्हणून आकृती शून्यापासून सरळ २० वर चढते. तिथून यूडीएलमुळं दर मीटरला १० नं उतरत जाणारी तिरपी सरळ रेषा:

```
V = २० − १०x      (A ते B)
```

२ मीटरवर ती शून्याला छेदते. ३ मीटरवर, D ला, उणे १० होते. आणि D ला काहीच घडत नाही. रेषा न थांबता, न मोडता, त्याच उतारानं पुढं जाते. कपलमध्ये उभं बल नाही, त्यामुळं शिअरच्या आकृतीवर त्याची कसलीही खूण उमटत नाही. काही मुलं तिथं ३० ची उडी काढतात. ती चूक लगेच उघडी पडते, कारण C वर आकृती बंद होत नाही.

B च्या किंचित डावीकडं शिअर उणे ४० आहे. B वर ५५ ची रिअ‍ॅक्शन वर ढकलते, म्हणून आकृती एकदम अधिक १५ वर येते. BC वर यूडीएल नाही, म्हणून १५ तसेच आडवे C पर्यंत. C वर १५ चा लोड खाली ओढतो आणि आकृती शून्यावर बंद होते.

आधी कपल विसरून मोमेंटची वक्ररेषा काढा

इथून पुढचा भाग मी वर्गात जरा वेगळ्या पद्धतीनं घेतो, कारण कपल नेमकं काय करतं ते या पद्धतीत डोळ्यांनी दिसतं.

R_A आणि R_B बरोबर काढलेत, कपल धरूनच काढलेत. आता मोमेंटची आकृती काढताना फक्त उडी द्यायची विसरलो असं समजा आणि सरळ डावीकडून उजवीकडं जा. A ते B:

```
M = २०x − ५x²
```

दर मीटरला किंमत काढा. A वर ०, १ मीटरवर १५, २ मीटरवर २०, ३ मीटरवर १५, ४ मीटरवर ०, ५ मीटरवर उणे २५ आणि ६ मीटरवर, B ला, उणे ६०. घुमटासारखी वर फुगलेली ही एक अखंड वक्ररेषा आहे. तिचा माथा २ मीटरवर येतो, कारण तिथं शिअर शून्य आहे. B च्या पुढं शिअर १५ आणि स्थिर, म्हणून सरळ रेषा दर मीटरला १५ नं चढते. उणे ६० वरून दोन मीटरमध्ये ती उणे ३० वर पोचते.

C हे मोकळं टोक आहे. तिथं कुठलंही कपल लावलेलं नाही, म्हणून मोमेंट शून्यच असायला हवी. आपल्याकडं उणे ३० आली. औशाच्या मुलीच्या वहीत उरलेले तीस ते हेच.

आता ही रेषा ग्राफ पेपरवर काढा आणि खरोखर कात्री घ्या. D वर, ३ मीटरवर, उभा काप मारा. डावा तुकडा तसाच ठेवा आणि उजवा तुकडा सरळ ३० नं वर सरकवा. वाकवायचा नाही, फिरवायचा नाही, फक्त वर. D च्या उजवीकडची किंमत १५ ची ४५ झाली. ४ मीटरवर ० चे ३० झाले, ५ मीटरवर उणे २५ चे ५ झाले, B वर उणे ६० चे उणे ३० झाले आणि C वर उणे ३० चं शून्य. आकृती बंद.

मोमेंटच्या आकृतीत कपल एवढंच काम करतं. वक्राचा आकार ते बदलत नाही. वक्र जिथं आहे तिथं कापतं आणि पुढचा सगळा भाग जसाच्या तसा उचलतं.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप कळते, जी पेपरमध्ये फार जणांची चुकते. कापाच्या दोन्ही कडांना वक्राचा उतार सारखाच राहतो, कारण एकाच रेषेचे दोन तुकडे केलेत. मोमेंटचा उतार म्हणजे शिअर, आणि D ला शिअर दोन्ही बाजूंना उणे १० च आहे. तेव्हा डावीकडून येताना रेषा जेवढी उतरती आहे, उडी मारून वर गेल्यावरही तेवढीच उतरती निघाली पाहिजे. बरीच मुलं उडीनंतर ४५ पासून रेषा आडवी सुरू करतात, जणू तिथं नवा माथा आहे. तो माथा नाही. माथा २ मीटरवर होऊन गेला.

उडी वर की खाली, हे पाठ करू नका

"काट्याच्या दिशेला वर, उलट दिशेला खाली" असं पाठ केलेलं ऐन पेपरात उलटतं. विशेषतः कुणी उजवीकडून मोजायला सुरुवात केली तर. त्यापेक्षा एक प्लास्टिकची लांब पट्टी घ्या. दोन पुस्तकांच्या कडांवर तिची टोकं ठेवा आणि मित्राला दोन्ही टोकं हलकेच धरायला सांगा, नाहीतर डावं टोक उचललं जाईल. मग पट्टीचा मध्य चिमटीत पकडून काट्याच्या दिशेनं पिळा. पट्टी इंग्रजी एस आडवा केल्यासारखी होते. पिळलेल्या जागेच्या डावीकडं ती वर फुगते आणि उजवीकडं खाली लोंबते.

वर फुगणं म्हणजे हॉगिंग, ऋण. खाली लोंबणं म्हणजे सॅगिंग, धन. तेव्हा डावीकडून उजवीकडं जाताना त्या जागेवर मोमेंट ऋणाकडून धनाकडं जाते, म्हणजे उडी वर. उलट पिळलं तर आकार उलटा आणि उडी खाली. परीक्षेत पट्टी हातात असतेच. शंका आली तर बाकावर ती नुसती पिळून बघायची.

शीटवर उतरवताना

बीमची आकृती वर, तिच्या बरोबर खाली शिअरची आणि तिच्याखाली मोमेंटची. A, D, B, C या चारही बिंदूंतून उभ्या तुटक रेषा तिन्ही आकृत्यांतून खाली न्यायच्या. शिअर जिथं शून्य आहे त्या २ मीटरच्या बिंदूतूनही एक न्यायची. लांबीसाठी १ सेंटिमीटरला अर्धा मीटर घेतलं तर बीम १६ सेंटिमीटरचा होतो. शिअरला १ सेंटिमीटरला १० किलोन्यूटन आणि मोमेंटला १ सेंटिमीटरला १० किलोन्यूटन-मीटर पुरतं. मग शिअर A वर २ सेंटिमीटर वर आणि B च्या डावीकडं ४ सेंटिमीटर खाली येतो. मोमेंटमधली D ची उभी रेषा ३ सेंटिमीटर लांब येते, दीड सेंटिमीटरपासून साडेचारपर्यंत.

D वर दोन किंमती लिहायच्याच: डावीकडं १५, उजवीकडं ४५. एकच किंमत लिहिली की तपासणाऱ्याला वाटतं उडी समजलेली नाही. वक्र काढताना दर मीटरच्या किंमती टिंबांनी मांडून मगच हातानं जोडा. A ते D चढून थोडासा उतरणारा घुमट आणि D ते B उतरत उतरत जास्त तीव्र होत जाणारा भाग, दोन्ही वर फुगलेलेच. दुसऱ्या भागात मीटरमागची घट बघा: ४५ वरून ३०, मग ५, मग उणे ३०. म्हणजे १५, २५, ३५ अशी वाढत जाते. खोलगट रेषा काढली असेल तर घट कमी कमी होत गेलेली दिसेल आणि चूक लगेच ओळखू येईल. BC मात्र पट्टीनं काढायची सरळ रेषा, उणे ३० पासून शून्यापर्यंत.

क्षेत्रफळानं एकदा पडताळून घ्या. शिअरच्या आकृतीत A ते २ मीटरचा त्रिकोण २० चा, २ ते ३ मीटरचा ५ चा. २० वजा ५ म्हणजे १५, ती D ची डावी किंमत. त्यात कपलचे ३० मिळवा, ४५. D ते B चा समलंब १० आणि ४० च्या मधला, ३ मीटरचा, म्हणजे ७५. ४५ वजा ७५, उणे ३०. शेवटचा आयत १५ गुणिले २, म्हणजे ३०, आणि C वर शून्य. शिअरच्या क्षेत्रफळात कपल दिसत नाही, म्हणून ते वेगळं मिळवावं लागतं. क्षेत्रफळाच्या पद्धतीनं सोडवणारे नेमके इथंच विसरतात.

सर्वांत मोठी मोमेंट आणि चिन्ह बदलण्याची जागा

"जिथं शिअर शून्य तिथं मोमेंट कमाल" हे वाक्य मुलांच्या तोंडात इतकं बसलेलं असतं की ती २ मीटरवरचे २० हेच कमाल उत्तर म्हणून लिहून मोकळी होतात. या बीममध्ये कमाल सॅगिंग ४५ आहे, D च्या किंचित उजवीकडं, आणि तिथं शिअर उणे १० आहे. शून्य शिअरचा नियम वक्राच्या अखंड भागापुरता खरा. कपल वक्र कापतं, त्यामुळं कापाच्या कडा वेगळ्या तपासाव्याच लागतात. B ची किंमतही तपासायची. तिथं शिअर उणे ४० वरून अधिक १५ असा चिन्ह बदलतो आणि हॉगिंगची कमाल उणे ३० येते.

आता कॉन्ट्राफ्लेक्शर, म्हणजे जिथं मोमेंट चिन्ह बदलते ती जागा. D च्या पुढं मोमेंट अशी:

```
२०x − ५x² + ३० = ०
x² − ४x − ६ = ०
x = २ + √१० = ५.१६ m
```

दुसरं उत्तर ऋण येतं, ते सोडायचं. A पासून ५.१६ मीटर, म्हणजे B च्या ०.८४ मीटर अलीकडं. इथं एक सावधगिरी हवी. D च्या आधीच्या सूत्रात, म्हणजे २०x − ५x² मध्ये, शून्य ४ मीटरवर येतं. पण ते सूत्र ३ मीटरपर्यंतच लागू आहे, त्यामुळं ४ मीटर हे उत्तर नाही. आलेला x त्या सूत्राच्या हद्दीत बसतो का हे प्रत्येक वेळी बघायचं.

कपल हलवून बघा

समजा तेच कपल D ऐवजी दुसरीकडं नेलं. रिअ‍ॅक्शन बदलतील का? नाही. मोमेंटच्या समीकरणात ३० नुसतेच उभे होते, त्यांना जागा नव्हतीच. रिअ‍ॅक्शन त्याच, म्हणजे शिअरची आकृतीही तीच. फक्त कात्री दुसरीकडं लावायची.

A वरच कपल लावलं तर सगळीच रेषा ३० नं वर जाते: सुरुवात ३० पासून आणि माथा २ मीटरवर ५०. ५ मीटरवर कापलं तर डावीकडं उणे २५, उजवीकडं अधिक ५. मग मोमेंट ४ मीटरवर एकदा चिन्ह बदलते, ५ मीटरच्या उडीत दुसऱ्यांदा आणि ५.१६ मीटरवर तिसऱ्यांदा. अशा बीममध्ये कमाल सॅगिंग फक्त २० राहतं. आणि कपल ओव्हरहँगवर, B च्या पुढं १ मीटरवर नेलं, तर B ची किंमत उचललीच जात नाही. तिथं उणे ६० तसेच राहतात, म्हणजे टेकूवरचं हॉगिंग थेट दुप्पट. तेच ३०, त्याच रिअ‍ॅक्शन, तीच शिअरची आकृती, पण बीममध्ये घालायचं लोखंड पूर्ण वेगळं. शिअरची आकृती जुळली म्हणून मोमेंटचीही जुळेल असं धरून चालू नका ते यासाठी.

C वर काय उरलं त्यावरून चूक ओळखा

C वर शून्य आलं नाही तर उरलेला आकडा बरंच सांगतो. उणे ३० उरले तर रिअ‍ॅक्शन बरोबर आहेत, उडी द्यायची राहिली. अधिक ३० उरले तर उडी दिलीय, पण रिअ‍ॅक्शन काढताना कपल धरलेलं नाही. तेव्हा R_B ५० आणि R_A २५ आलेले असतील.

उणे ६० उरले तर थोडं थांबायला लागतं, कारण दोन वेगळ्या चुकांनी तेच येतं. एक म्हणजे उडी खाली दिली. दुसरी म्हणजे रिअ‍ॅक्शनमध्ये कपलला ३ नं गुणून ९० केलं, त्यामुळं R_B ६५ आणि R_A १० आला. दोन्हींत B वर उणे ९० येतात, म्हणून B आणि C च्या किंमतींवरून फरक कळत नाही. B भोवतीची ती अर्ध्या मिनिटाची पडताळणी इथं कामाला येते. तिथं कपलचे ३० न गुणता धरले तर दुसऱ्या चुकीत शून्याऐवजी उणे ६० येतात, पहिलीत शून्यच येतं.

आणि ज्या चुका C वर काहीच उरू देत नाहीत त्या सगळ्यांत वाईट. कपल रिअ‍ॅक्शनमध्येही विसरलं आणि उडीतही विसरलं, तर आकृती सुरेख बंद होते आणि B वरही उणे ३० च येतात. कपलची दिशाच उलटी वाचली आणि दोन्हीकडं तशीच वापरली, तरी सगळं जुळतं. तीच चूक पडताळणीतही झाली तर कुठलीही पडताळणी हे पकडणार नाही. म्हणून बीमची आकृती स्वतःच्या हातानं पुन्हा काढायची, कपलचा बाण ठळक काढायचा, आणि गणित संपल्यावर प्रश्नातला बाण आणि आपला बाण शेजारी ठेवून बघायचे.

वारा उलटा फिरला तर

कागदावर दिशा एकच दिलेली असते. गच्चीवरच्या बोर्डाला वारा दोन्हीकडून लागतो. उजवीकडून लागला की तेच ३० काट्याच्या उलट दिशेनं येतात:

```
R_B = (१८० − ३० + १२०) ÷ ६ = ४५ kN
R_A = ३० kN
M = ३०x − ५x²           (A ते D)
M = ३०x − ५x² − ३०      (D ते B)
```

शिअर आता बरोबर D वरच, ३ मीटरवर, शून्य होतो. मोमेंट D च्या डावीकडं ४५, तिथून ३० ची उडी खाली, उजवीकडं १५. आधीचेच आकडे, बाजू बदललेल्या. B वर उणे ३० कायम, कारण B च्या उजवीकडं काहीच बदललेलं नाही. C वर १५, अंतर २ मीटर. मात्र चिन्ह बदलण्याची जागा हलते: ३ + √३, म्हणजे ४.७३ मीटर. B पासून अंतर ०.८४ वरून १.२७ मीटर झालं.

हा फरक साइटवर लोखंड कापताना महत्त्वाचा ठरतो. B च्या वर हॉगिंग असतं, म्हणजे ओढ बीमच्या वरच्या बाजूला, आणि ओव्हरहँगची मुख्य सळई वरच घालावी लागते. ती B च्या आत निदान मोमेंट चिन्ह बदलते तिथपर्यंत हवी, आणि काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ प्रमाणे तिच्यातला किमान एक तृतीयांश भाग त्याच्याही पुढं न्यावा लागतो. बीमची इफेक्टिव्ह डेप्थ, सळईच्या व्यासाच्या १२ पट आणि मोकळ्या गाळ्याचा सोळावा भाग, या तिन्हींत जे मोठं असेल तेवढं. एकाच दिशेचा वारा धरून ०.८४ पासून पुढं मोजणाऱ्याची सळई उलट वाऱ्यात ४३ सेंटिमीटर आखूड पडते. म्हणून अशा बीमच्या दोन्ही मोमेंट आकृत्या एकाच अक्षावर, एक सलग रेषेनं आणि दुसरी तुटक रेषेनं काढायच्या, आणि प्रत्येक जागी दोघींतली जी बाहेर जाते तिच्यावरून सळई ठरवायची. B च्या आतल्या बाजूला मोजायला सुरुवात १.२७ मीटरपासून.